पुस्तक न उघडता शास्त्र: वाचता न येणाऱ्यांची कथाबैठक

नाशिक जिल्ह्याच्या पेठ, सुरगाणा भागातली पुष्कळ कुटुंबं खरीप आटोपला की दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत मजुरीला उतरतात. त्यांतली काही ख्रिस्ती आहेत. दिवसभराचं काम, स्वयंपाक आणि जेवणं उरकली की ती कुणाच्या तरी खोपीपुढे प्रार्थनेला जमतात. मंडळीतल्या थोरल्या बायकांना आणि पुरुषांनाही अनेकदा वाचता येत नसतं. अशा श्रोत्यांना शुभवर्तमान केवळ ऐकवायचं नसून त्यांच्या तोंडी बसवायचं असेल, तर बैठक कशी चालवावी, त्यासाठी गोष्ट कशी बांधावी आणि ती नीट बसली की नाही हे कसं पाहावं, हे या लेखात एकाच गोष्टीच्या आधारानं सांगितलं आहे. ती गोष्ट म्हणजे लूककृत शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायातला उधळ्या पुत्राचा दाखला.

वाचून दाखवणं पुरत का नाही

वाचणाऱ्या माणसाला मागं जाता येतं. एखादं नाव सुटलं, कोण कुणाला म्हणालं हे विसरलं, तर नजर दोन ओळी वर नेली की काम होतं. ऐकणाऱ्याला ही सोय नसते. त्याच्या हातून एक वाक्य निसटलं की पुढच्या दोन वाक्यांचा अर्थही डळमळतो, आणि तोवर वाचणारा आणखी पुढं गेलेला असतो.

शिवाय लिहिलेल्या मराठीची वाक्यं लांब असतात. कर्ता एका टोकाला, क्रियापद दुसऱ्या टोकाला आणि मधे दोन-तीन पोटवाक्यं. डोळ्याला ती झेपतात, कानाला जड जातात. अध्याय वाचून झाला की श्रोते म्हणतात, छान होतं. पण दुसऱ्या दिवशी बागेत शेजारणीनं विचारलं, काल काय सांगितलं, तर उत्तर येतं, देवाबद्दल होतं. ऐकणाऱ्याला आदर वाटला, पण गोष्ट त्याच्या हाती आली नाही.

म्हणून या बैठकीचं माप वेगळं ठेवावं लागतं. सांगणाऱ्यानं किती चांगलं सांगितलं, यावर बैठक मोजायची नाही. ऐकणाऱ्याला घरी जाऊन ती गोष्ट सांगता आली का, यावर मोजायची. पुढचा सगळा खटाटोप या एका मापासाठी आहे.

नाशिकच्या कानांना ओळखीची रीत

ठरलेल्या वाक्यांच्या आधारानं धर्मकथा सांगायची रीत मराठी माणसाला शिकवावी लागत नाही. श्रावणातल्या कहाण्या आटपाट नगरापासून सुरू होतात आणि ठरलेल्या शेवटावर संपतात. मधल्या घटना बदलतात, पण दारं तीच राहतात. रात्री गोष्ट सांगताना कुणीतरी हुंकार द्यायचा असतो. तो थांबला की सांगणारा ओळखतो, श्रोता झोपला किंवा वाट चुकला. कीर्तनात आख्यान कितीही लांबलं तरी कीर्तनकार फिरून मूळ पदाच्या धृपदावर येतो आणि सगळी सभा त्यात आवाज मिसळते.

मराठी ख्रिस्ती परंपरेनं हे बळ फार लवकर ओळखलं. फादर थॉमस स्टीफन्स यांचं ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात छापलं गेलं. बायबलमधली कथा सुमारे अकरा हजार ओव्यांत सांगणारा हा ग्रंथ कानासाठी रचलेला आहे. पुढं एकोणिसाव्या शतकात तेव्हाच्या अहमदनगरमध्ये कृष्णा रत्नाजी सांगळे यांनी कीर्तनाचा साचा घेऊन ख्रिस्ती आख्यानं लावली. रेव्हरंड नारायण वामन टिळकही कीर्तन करत.

नाशिकशी या धाग्याचं नातं लक्ष्मीबाई टिळकांमुळे आणखी जवळचं आहे. त्यांचा जन्म १८६८ साली नाशिकजवळच्या जलालपूरचा, आणि १९३६ साली त्यांचं निधन झालं ते नाशिकमध्ये. त्या शाळेत गेल्या नव्हत्या, अक्षरओळख लग्नानंतर झाली. टिळकांनी आरंभलेलं ‘ख्रिस्तायन’ हे ओवीबद्ध काव्य १९१९ साली त्यांच्या मृत्यूनंतर अपुरं राहिलं. ते लक्ष्मीबाईंनी पूर्ण केलं. ज्यांनी आधी कानानं भाषा साठवली आणि मग अक्षर गिरवलं, अशा बाईच्या हातून येशूचं चरित्र ओवीत उतरलं, याचं मला मोल वाटतं.

कथाबैठकीला मात्र ओवी किंवा चाल लागत नाही. ओवी रचणारा प्रत्येक पाड्यावर मिळणार नाही. बैठकीसाठी लागतं साधं बोलणं आणि त्यात मोजकी, न बदलणारी वाक्यं.

हीच गोष्ट का

उधळ्या पुत्राचा दाखला मुळात बावीस वचनांचा, म्हणजे अकराव्यापासून बत्तिसाव्यापर्यंत आहे. बोलून सांगायला पाच-सहा मिनिटं लागतात. मुख्य पात्रं तीन: बाप, धाकटा, थोरला. जागा तीन: घर, दूरदेश आणि घराच्या दाराबाहेरचं अंगण. नवख्या श्रोत्याला एका बैठकीत एवढंच पेलतं. पात्रं पाचांच्या वर गेली किंवा गोष्ट दहा मिनिटांपुढं लांबली की परत सांगताना माणसं एकमेकांत मिसळतात. तेव्हा गोष्ट दोन बैठकांत वाटावी.

दुसरं कारण अधिक मोठं आहे. या दाखल्यात पुनरुक्ती बाहेरून घालावी लागत नाही, ती मुळातच आहे. धाकट्याचं एक वाक्य दोनदा येतं. बापाचं एक वाक्य दोनदा येतं. आणि दोन्ही वेळा दुसऱ्यांदा येताना वाक्यात एक बदल असतो. गोष्टीचा गाभा त्या बदलात आहे. ज्याला ही वाक्यं पाठ झाली, त्याला बदल आपोआप ऐकू येतो. वाचताना हा बदल पुष्कळांच्या नजरेतून सुटतो. कानानं ऐकणाऱ्याला तो अचूक सापडतो, कारण पहिलं वाक्य त्याच्या जिभेवर ताजं असतं.

दोन वाक्यं, आणि त्यांतला बदल

दूरदेशी सगळं उधळून झालं, दुष्काळ पडला, आणि डुकरं राखायची वेळ आली तेव्हा धाकटा ठरवतो की घरी जायचं. तिथं काय बोलायचं तेही ठरवतो. बैठकीत हे असं सांगता येईल:

“धाकटा डुकरांजवळ बसला होता. पोटात आग पडली होती. डुकरं शेंगा खात होती, पण त्याला कुणी काही देईना. मग तो भानावर आला. म्हणाला, माझ्या बापाकडे मजुरांना पोटभर मिळतं, आणि मी इथं उपाशी मरतोय. मी उठेन, बापाकडे जाईन, आणि म्हणेन: बाबा, मी देवाचा अपराधी, मी तुमचा अपराधी. तुमचा मुलगा म्हणवायला मी लायक नाही. मला मजूर म्हणून ठेवा. तो उठला आणि निघाला. तो अजून लांब होता, तोच बापानं त्याला पाहिलं. बापाचं काळीज कळवळलं. बाप धावला, त्याच्या गळ्यात पडला, त्याचे मुके घेतले. मुलगा म्हणाला: बाबा, मी देवाचा अपराधी, मी तुमचा अपराधी. तुमचा मुलगा म्हणवायला मी लायक नाही. बाप गड्यांना म्हणाला, लवकर या, चांगल्यातला चांगला झगा आणा, याला घाला.”

ठरवलेल्या बोलण्याचे तीन तुकडे होते: अपराध, नालायकी आणि मजुरीची विनंती. बापासमोर दोनच तुकडे येतात. तिसरा येण्याआधीच बाप झगा, अंगठी आणि पायतण मागवतो. मजूर म्हणून ठेवा, हे वाक्य उच्चारलंच जात नाही. हे सांगणाऱ्यानं समजावून द्यायचं नाही. दुसऱ्यांदा सांगताना तो “लायक नाही” नंतर थांबतो, श्रोते सवयीनं “मला मजूर म्हणून ठेवा” म्हणतात, आणि सांगणारा मान हलवून बापाचं बोलणं सुरू करतो. त्या क्षणी सगळ्यांना कळतं की इथं काहीतरी आलं नाही. रोजानं कामाला जाणाऱ्या श्रोत्यांना मुलगा आणि मजूर यांतलं अंतर कुणी सांगायला लागत नाही.

दुसरं वाक्य बापाचं. बैठकीसाठी ते असं बांधता येतं: “मेलेला जिता झाला, हरवलेला गवसला.” जेवण करायला सांगताना बाप गड्यांना म्हणतो, हा माझा मुलगा, मेलेला जिता झाला, हरवलेला गवसला. मग थोरला शेतातून येतो, वाद्यं आणि नाच ऐकतो आणि गड्याला विचारतो. गडी सांगतो, तुझा भाऊ आलाय. थोरला चिडून आत जात नाही. बाप बाहेर येतो. थोरला त्याला म्हणतो, हा तुमचा मुलगा आला आणि तुम्ही त्याच्यासाठी वासरू कापलं. भाऊ हे नातं तो तोंडातून काढत नाही. शेवटी बाप तेच वाक्य पुन्हा म्हणतो, पण आता सुरुवात बदललेली असते: हा तुझा भाऊ, मेलेला जिता झाला, हरवलेला गवसला.

माझा मुलगा, तुझा भाऊ, तुमचा मुलगा, तुझा भाऊ. या चार संबोधनांवर गोष्टीचा दुसरा भाग उभा आहे. म्हणून बैठकीत ती एका अक्षरानंही बदलायची नाहीत. बाकीचं बोलणं सांगणाऱ्याच्या बोलीत असावं. ज्या घरात बापाला बा म्हणतात तिथं बा म्हणावं. पण ठरलेलं वाक्य पहिल्या बैठकीत जसं म्हटलं तसंच दर वेळी म्हणावं. सांगणाऱ्यानंच ते तीन तऱ्हांनी म्हटलं, तर श्रोत्याला धरायला काही राहत नाही.

अशी वाक्यं एका गोष्टीत दोन, फार तर तीन ठेवावीत. जास्त झाली की कोणतं महत्त्वाचं हे कळेनासं होतं आणि बैठक घोकंपट्टीकडे झुकते.

सांगणाऱ्याची तयारी

तयारीची सुरुवात मोठ्यानं वाचण्यापासून होते. बावीस वचनं चार-पाचदा मोठ्यानं वाचावीत, मग पुस्तक मिटून घरातल्या कुणाला तरी गोष्ट सांगावी, मग पुस्तक उघडून पडताळावं. काय सुटलं आणि काय आपल्याकडून घातलं गेलं, दोन्ही पाहावं. सुटलेलं लगेच लक्षात येतं. घातलेलं सापडायला कठीण असतं, कारण ते आपल्याच मनातलं असल्यानं खरं वाटतं.

मग गोष्ट प्रसंगांत तोडावी. इथं सहा प्रसंग पडतात: वाटणी मागणं, उधळणं आणि उपासमार, भानावर येणं, वाटेवरची भेट, घरातलं जेवण, दाराबाहेरचा थोरला. प्रत्येक प्रसंगाला अंगणातली एक जागा द्यावी. घराचे प्रसंग खोपीच्या दारापाशी, दूरदेश पलीकडच्या कोपऱ्यात, थोरला मधल्या मोकळ्या जागेत. सांगणारा तिथं तिथं चालत जातो. वाचणाऱ्यासाठी परिच्छेद जे काम करतो ते इथं जागा करते. परत सांगणारी बाई अडखळली की ती त्या कोपऱ्याकडे पाहते आणि पुढचं तिला आठवतं.

गोष्टीबाहेरची माहिती गोष्टीच्या आधी सांगून टाकावी, मधे नको. या दाखल्याला दोनच गोष्टी लागतात. एक, येशू हे सांगत होता तेव्हा त्याच्यापुढं दोन तऱ्हेचे लोक होते: पापी म्हणून हिणवलेले, आणि त्यांच्याबरोबर येशू जेवतो म्हणून कुरकुर करणारे. दोन, यहुदी माणसाला डुक्कर अशुद्ध, म्हणून डुकरं राखणं ही त्याच्या दृष्टीनं खालची पायरी. दोन वाक्यांत हे झालं की थांबावं. गोष्टीच्या मधे थांबून माहिती दिली, तर परत सांगताना श्रोते तीच माहिती गोष्टीचा भाग म्हणून सांगतात.

सांगणाऱ्याला स्वतःला वाचता येत नसलं तरी चालतं. मात्र त्याच्या तयारीत एक वाचणारा माणूस पडताळायला हवा.

बैठकीचा क्रम

पंधरा-वीस माणसं आणि तासभर वेळ, एवढं पुरतं. त्याहून मोठी सभा झाली की ती कीर्तनासारखी ऐकायची होते, सांगायची राहत नाही.

आरंभ मागच्या गोष्टीनं होतो, आणि ती श्रोत्यांपैकी कुणीतरी सांगतं. मग नवी गोष्ट कोणत्या पुस्तकातली आहे हे सांगून सांगणारा ती सलग सांगतो. यावेळी प्रश्न नाहीत, फक्त हुंकार.

दुसऱ्यांदा सांगताना तो ठरलेल्या वाक्यांपाशी थांबतो आणि श्रोते ती पुरी करतात. आधी एक-दोघी, मग सगळे. इथंच मजूर म्हणून ठेवा, हे न येणारं वाक्य आपलं काम करतं.

तिसऱ्या फेरीत गोष्ट सांगणाऱ्याच्या हातून श्रोत्यांकडे जाते. तो विचारतो, सुरुवातीला काय झालं? कुणीतरी एक वाक्य सांगतं. मग काय झालं? पुढचा माणूस. अशी गोष्ट गोलातून फिरते. अडली तर सांगणारा शब्द पुरवत नाही. त्या प्रसंगाच्या जागी जाऊन उभा राहतो. तेवढं बहुधा पुरतं.

मग जोड्या. शेजारशेजारच्या दोघी एकमेकींना पूर्ण गोष्ट सांगतात, आधी एक, मग दुसरी. अंगणात एकदम गलका होतो, पण ही पायरी गाळू नये. चारचौघांत कधीच न बोलणारी म्हातारी आजी शेजारणीला नक्की सांगते. बैठकीत प्रत्येकाच्या तोंडून गोष्ट पूर्ण बाहेर पडते ती फक्त या पायरीत.

शेवटी एक जण उभं राहून सगळ्यांना सांगतं आणि बाकीचे राखणदार होतात. काही सुटलं किंवा जास्त आलं तर त्यांनी सांगायचं. पहिल्यांदा उभं राहायला जो सगळ्यात हुशार तो निवडू नये. त्याच्या सफाईनं बाकीचे दबतात. मध्यम सांगणारा बरा, त्यात राखणदारांना काम मिळतं.

काय गळतं, काय शिरतं, काय हलतं

परत सांगताना होणाऱ्या चुका तीन जातींच्या असतात, आणि या दाखल्यात त्या कुठं होतील हे आधीच ओळखता येतं.

गळतो तो थोरला. मुलगा परत आला, बापानं जवळ घेतलं, जेवण झालं, इथं ऐकणाऱ्याचं मन भरतं आणि गोष्ट संपल्यासारखी वाटते. थोरला गळला की कुरकुर करणाऱ्यांसाठी सांगितलेला अर्धा भागच गेला. यावर उपाय म्हणजे पहिल्याच वाक्यात दोन मुलगे ठळकपणे सांगणं, आणि वाटणीच्या प्रसंगात थोरल्याला त्याच्या जागी उभा करणं. म्हणजे शेवटी, तो अजून शेतातच आहे, हे कुणाला तरी आठवतं.

शिरते ती आई. घर आहे, दोन मुलगे आहेत, तर आई असणारच, आणि मुलगा गेल्यावर ती रडणारच. श्रोत्या तिला न सांगता गोष्टीत आणतात. दाखल्यात आईचा उल्लेख नाही. तिला आत घेतलं की मुलाला जवळ घेण्याचं काम तिच्याकडे जातं आणि बापाचं धावणं फिकं पडतं. येशूच्या काळच्या समाजात घरच्या वडीलधाऱ्यानं असं धावणं शोभत नसे, आणि तरी तो धावला. ते जागचं हलता कामा नये.

शिरणारी दुसरी गोष्ट म्हणजे शेवट. थोरला आत गेला की नाही, हे येशूनं सांगितलेलं नाही. बापाच्या वाक्यावर गोष्ट थांबते. श्रोते ती पुरी करतात: मग थोरल्यानं भावाला मिठी मारली आणि सगळे जेवले. असा शेवट ऐकू आला तर ओळखावं की श्रोत्यांना थोरल्याची काळजी वाटली आहे. पण तो गोष्टीत राहू द्यायचा नाही. तो प्रश्नांच्या वेळेसाठी राखून ठेवायचा.

हलतं ते वासरू. पोसलेलं वासरू कापलं, हे आपल्याकडच्या काही श्रोत्यांना अवघड जातं, आणि सांगणाराच कधी त्याऐवजी गोडाचं जेवण केलं म्हणून मोकळा होतो. पण थोरल्याची तक्रार अशी आहे की मला मित्रांबरोबर खायला तुम्ही कधी करडूसुद्धा दिलं नाही, आणि याच्यासाठी वासरू. वासरू काढलं की करडाला अर्थ राहत नाही आणि तक्रारीतला काटा निघून जातो. म्हणून सोपं करायचं ते वाक्य. वस्तू आणि घटना सोप्या करायच्या नाहीत.

या चुका आपल्याच श्रोत्यांच्या नाहीत. केंब्रिजचे मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी अमेरिकेतल्या आदिवासींची एक लोककथा इंग्लंडमधल्या वाचकांना दिली आणि पुन्हा पुन्हा आठवून लिहायला लावली. १९३२ सालच्या पुस्तकात त्यांनी दाखवलं की अनोळखी तपशील गळत गेले आणि त्यांच्या जागी ओळखीचे आले. ती शिकलेली माणसं होती. माणूस आठवताना गोष्ट आपल्या घराच्या मापाची करतो, आणि त्याला आळा घालायचं काम राखणदार करतात.

दुरुस्ती करताना तुमचं चुकलं, असं म्हणू नये. तसं एकदा ऐकलेली बाई पुढच्या वेळी उभी राहत नाही. सांगणाऱ्यानं तो प्रसंग सगळ्यांना पुन्हा सांगावा आणि विचारावं, आपण सांगितलं त्यात आणि यात काय वेगळं आहे? फरक श्रोतेच सांगतात.

प्रश्न नंतर, आणि गोष्टीतूनच

प्रश्न आधी घेतले तर चर्चा रंगते आणि गोष्ट मागं पडते. कुणाचा मुलगा खरंच घर सोडून गेलेला असतो, कुणाची भावाशी वाटणीची भांडणं असतात. ते बोलणं महत्त्वाचं आहे, पण गोष्ट तोंडी बसल्यानंतर. म्हणून जोड्यांची आणि राखणदारांची पायरी पूर्ण झाल्यावरच प्रश्न.

ते चार पुरतात. धाकट्यानं ठरवलेलं कोणतं वाक्य बोलायचं राहून गेलं, आणि का? थोरला भावाला काय म्हणतो आणि बाप काय म्हणतो? बाप दोन वेळा घराबाहेर आला, कुणाकुणासाठी? थोरला आत गेला असेल का, तुम्ही असता तर काय केलं असतं? पहिल्या तिन्हींची उत्तरं गोष्टीतच आहेत, म्हणून ती कुणालाही देता येतात. चौथ्याचं प्रत्येकाला स्वतःचं द्यावं लागतं, आणि त्याचं बरोबर उत्तर सांगणाऱ्यानं देऊ नये.

या रीतीची मर्यादा

इथं घटना जपली जाते, शब्दन् शब्द नाही. शब्द जपायचा असेल तर वेगळी शिस्त लागते. वेदपाठात तेच शब्द पद, क्रम, जटा, घन अशा पाठांनी उलटसुलट म्हणून अक्षर न अक्षर राखतात, आणि त्याला वर्षं जातात. कथाबैठक ते काम करू शकत नाही. मिल्मन पॅरी आणि अल्बर्ट लॉर्ड यांनी १९३०च्या दशकात युगोस्लाव्हियातल्या निरक्षर गायकांची दीर्घ वीरकाव्यं ध्वनिमुद्रित केली. गायक म्हणत, आम्ही शब्दाला शब्द तेच गातो. ध्वनिमुद्रणांत मात्र कथानक आणि ठरलेली पदं टिकलेली, बाकीचे शब्द दर वेळी नवे. बैठकीतही तेच होतं, म्हणून जे बदलायला नको ते ठरलेल्या वाक्यांत ठेवावं लागतं.

सगळं शास्त्र या रीतीनं सांगता येत नाही. दाखले, चमत्कार, योसेफाची किंवा रूथची कथा इथं सहज बसते. पौलाची पत्रं बसत नाहीत, कारण त्यांत घटना नाही, विचारामागून विचार येतो. प्रभूची प्रार्थना शब्दशः पाठच करावी, आणि स्तोत्रं चाल लावून गावीत हे बरं.

मोबाइलवर ध्वनिमुद्रित गोष्ट ऐकवणं उपयोगी आहे, पण ते वाचून दाखवण्याच्या जवळचं आहे. ध्वनिमुद्रण वाक्य अर्धं सोडून थांबत नाही आणि श्रोत्याची वाट पाहत नाही. बैठक झाल्यावर घरी पडताळून पाहायला मात्र ते चांगलं.

बैठक साधली हे कसं ओळखायचं

पुढच्या आठवड्यात आरंभी कुणीतरी गोष्ट सांगेल, ती पहिली कसोटी. पण बैठकीला आलेल्याला गोष्ट येते, यात अजून आपलाच आवाज मिसळलेला असतो. खरी कसोटी तिसऱ्या माणसाची. जी सून, जो नातू किंवा जो शेजारी बैठकीला आला नव्हता, त्याला विचारावं, तुमच्या आईनं काय सांगितलं?

त्याच्या तोंडून पाच गोष्टी आल्या की काम झालं: मुलगे दोन होते, मजुरीचं वाक्य बोलायचं राहिलं, बाप धावला, बापानं थोरल्याला तुझा भाऊ म्हटलं, आणि गोष्ट दाराबाहेर थांबली. यांतली एखादी सातत्यानं सुटत असेल तर दोष ऐकणाऱ्यांचा नाही. त्या प्रसंगाचं वाक्य नीट बांधलं गेलेलं नाही, किंवा त्याला अंगणात जागा दिलेली नाही. ते दुरुस्त करावं आणि नवी गोष्ट न घेता हीच पुन्हा सांगावी. दर आठवड्याला नवी गोष्ट सांगून वर्षअखेर पन्नास अर्धवट गोष्टी जमवण्यापेक्षा दहा गोष्टी घराघरांत पूर्ण सांगितल्या जाणं चांगलं, कारण त्या दहांना पुढं पोचायला आपली गरज उरत नाही.